आधी हिशेब, मग जप्ती: राज्यातील तहसीलदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व तहसीलदार आणि वसुलीचे काम पाहणारे नायब तहसीलदार यांस,



मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो. दिवाणी कोर्टापेक्षा माझा जास्त वेळ आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात आणि प्रांतसाहेबांच्या सुनावणीत जातो. मार्च जवळ आला की माझ्याकडे एकाच प्रकारची माणसे येऊ लागतात. हातात सातबारा असतो, त्याच्या इतर हक्कांत कुठल्या तरी सरकारी रकमेचा बोजा असतो आणि ही रक्कम कोणी, कधी, कशाबद्दल ठरवली हे त्यांना माहीत नसते. आपल्या कार्यालयात विचारले तर उत्तर मिळते, ‘आम्ही फक्त वसुली करतो, रकमेचे त्या खात्याकडे बघा.’ खात्याकडे गेले तर तिथे सांगतात, ‘फाइल तहसीलला गेली, आता आमच्या हातात काही नाही.’ या दोन उत्तरांच्या मध्ये जो माणूस सापडतो, त्याच्या वतीने हे पत्र आहे.

आपली बाजू मला ठाऊक आहे. निवडणुका, गारपिटीचे पंचनामे, निराधारांच्या योजना, दाखले हे सगळे आपल्याच टेबलावर येते. त्यात रेराचे वॉरंट, सहकार खात्याचा वसुली दाखला, कामगार न्यायालयाची रक्कम, मुद्रांक शुल्काची तूट, विक्रीकराची जुनी बाकी अशी दुसऱ्यांची येणीही आपल्याकडेच वसुलीला पाठवली जातात आणि उद्दिष्ट मात्र आपल्या नावावर चढते. सरकारचा पैसा बुडवणाऱ्यांना सोडून द्या असे मी म्हणत नाही. गौण खनिज चोरणाऱ्या टोळ्यांसमोर आपले तलाठी आणि मंडळ अधिकारी जीव धोक्यात घालून उभे राहतात, हेही मी पाहिले आहे. माझे म्हणणे वसुलीविरुद्ध नाही. वसुली सुरू होण्याआधी ज्या गोष्टी व्हायला हव्यात, त्या होत नाहीत याबद्दल आहे.

मुळात हा अधिकार किती मोठा आहे ते आधी पाहू. खासगी सावकाराला किंवा व्यापाऱ्याला पैसे वसूल करायचे तर दावा लावावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, हुकूमनामा मिळवावा लागतो आणि मग दरखास्त दाखल करावी लागते. यात वर्षे जातात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या अकराव्या प्रकरणाने सरकारला या सगळ्यातून मोकळे केले आहे. कलम 176 मध्ये वसुलीचे मार्ग दिले आहेत: मागणीची नोटीस, ज्या जमिनीचा सारा थकला ती जमीन सरकारजमा करणे, जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, स्थावराची जप्ती आणि विक्री, स्थावर ताब्यात घेऊन त्याची व्यवस्था सरकारने पाहणे, आणि अटक. कोर्टाची पायरी न चढता एक महसूल अधिकारी माणसाचे शेत लिलावात काढू शकतो. जमिनीचा सारा हेच राज्याचे मुख्य उत्पन्न होते, त्या काळापासून हा अधिकार चालत आला आहे. तेव्हा त्याला एक आधार होता. सारा किती हे आधीच ठरलेले असे, तो गावाच्या नमुन्यात लिहिलेला असे आणि वाद फारसा उरत नसे.

आज आपल्याकडे येणाऱ्या रकमांपैकी साऱ्याची रक्कम किरकोळ असते. बाकीची सगळी येणी वेगवेगळ्या कायद्यांनी ‘जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतील’ असे म्हणून या प्रकरणाला जोडली आहेत. पण जोडल्यामुळे ती सारा होत नाहीत. वसुलीची रीत तेवढी उसनी मिळते. हा फरक मी काढलेला नाही, कलम 169 मध्येच आहे. जमिनीच्या साऱ्याची थकबाकी त्या जमिनीवरचा सर्वांत पहिला बोजा असते, ती इतर सगळ्यांच्या आधी फिटते. सरकारच्या इतर येण्यांना मात्र त्याच कलमाने फक्त विनातारण देण्यांच्या आधी जागा दिली आहे. म्हणजे शेत आधीच बँकेकडे गहाण असेल तर दंडाची किंवा शुल्काची रक्कम, केवळ या कलमाच्या जोरावर, त्या गहाणाच्या पुढे जात नाही. कायदा स्वतः हा भेद करतो, तर तो आपल्या कार्यालयातही केला जावा. साऱ्याच्या बाबतीत रक्कम ठरलेली असते. इतर येण्यांच्या बाबतीत ती आधी कोणीतरी, त्या माणसाचे ऐकून, ठरवलेली असावी लागते. ते झाले नसेल तर थकबाकीच जन्माला आलेली नसते, मग वसूल काय करणार?

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार, ऐकून न घेता रक्कम ठरवण्याची. याला गौण खनिजाच्या दंडाएवढे चांगले उदाहरण नाही, कारण इथे ठरवणारेही आपण आणि वसूल करणारेही आपणच असता. माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून आकडे सोपे केले आहेत. एका शेतकऱ्याच्या रानात मुरमाचा उंचवटा होता. जवळून रस्त्याचे काम चालले होते. ठेकेदार म्हणाला, उंचवटा काढून रान सपाट करून देतो, परवानगी माझ्याकडे आहे. शेतकऱ्याने होकार दिला. काही महिन्यांनी मंडळ अधिकाऱ्यांनी पंचनामा केला, शेतकरी हजर नसताना. खड्डा 50 फूट लांब, 50 फूट रुंद, 10 फूट खोल, म्हणजे 25,000 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणून 250 ब्रास. बाजारभाव ब्रासला 1,000 रुपये धरला. कलम 48(7) खाली त्याची पाचपट म्हणजे 12,50,000 रुपये, आणि ब्रासला 600 रुपयांप्रमाणे स्वामित्वधन 1,50,000 रुपये. एकूण 14,00,000. आदेश निघाला, तलाठ्याकडे गेला, बोजाचा फेरफार झाला. शेतकऱ्याला हे कळले ते सोसायटीत पीककर्जाला गेल्यावर, सचिवाने सातबारा पुढे केला तेव्हा.

या एका आदेशात काय काय तपासायचे राहिले ते पाहा. खोली 10 फूट होती ती खड्ड्याच्या सर्वांत खोल टोकाला. एका बाजूने तो उतरता होता. सरासरी खोली 6 फूट निघाली, म्हणजे 150 ब्रास. त्याच दराने दंड 7,50,000 आणि स्वामित्वधन 90,000, म्हणजे एकूण 8,40,000. मोजमापाच्या एका चुकीने 5,60,000 रुपयांचा फरक पडला. दुसरे, पाचपट ही कमाल मर्यादा आहे. कलम 48(7) पाचपटीपर्यंत दंड करू देते, पाचपटच करा असे सांगत नाही. पहिल्यांदा सापडलेला शेतकरी आणि रात्री वाळूच्या गाड्या पळवणारा यांना एकच पट लावायची असेल तर आदेशात त्याची कारणे हवीत. त्या आदेशात कारणांची एक ओळ नव्हती.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे कलम खनिज काढणाऱ्या, नेणाऱ्या, त्याची विल्हेवाट लावणाऱ्या माणसाला लागू होते. सातबाऱ्यावर नाव असणे हा काही मुरूम काढल्याचा पुरावा नाही. शेतकऱ्याची संमती होती का, त्याला पैसे मिळाले का, यंत्र कोणाचे होते, माल कुठे गेला, हे विचारल्याशिवाय दंड कोणावर बसवायचा ते ठरत नाही. या प्रकरणात माल सरकारी रस्त्यावर गेला होता. ठेकेदाराने परवान्याच्या पावत्या दिल्या नाहीत तर काम करवून घेणारे खाते त्याच्या बिलातून स्वामित्वधन कापून घेते. तशी कपात झालीही होती. म्हणजे स्वामित्वधनाचे जे दीड लाख शेतकऱ्याकडून मागितले जात होते, त्यातले काही सरकारला आधीच मिळाले होते. हे कळायला एका पत्राचे काम होते, पण ते पत्र आपल्या कार्यालयातून गेले नाही, आम्हाला अपिलात मागवावे लागले.

चौथी गोष्ट, माल काढून त्याचे काय केले याची. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखालचे दंडाचे आदेश रद्द केले. पायासाठी खणलेली साधी माती त्याच जागेवर भरावाला वापरली असेल तर ती गौण खनिज ठरते का, हे तिचा वापर पाहूनच ठरवावे लागते, खणली एवढ्यावरून दंड बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुरूम बाहेर नेऊन रस्त्यावर टाकणे आणि विहिरीची माती आपल्याच बांधावर टाकणे यांत फरक आहे. नोटिशीच्या छापील नमुन्यात मात्र तो दिसत नाही.

हे प्रकरण प्रांतसाहेबांकडे गेले. त्यांनी वसुलीला स्थगिती दिली आणि सुनावणी दिली नाही एवढ्या एका कारणावरून आदेश रद्द करून फेरचौकशीला पाठवला. सुरुवातीला एक नोटीस आणि एक तारीख दिली असती तर हे सगळे वाचले असते. त्या हंगामात त्या शेतकऱ्याला पीककर्ज मिळाले नाही, त्याची भरपाई कोणत्याही कलमात नाही. माझी पहिली मागणी म्हणून इतकीच आहे: पंचनामा संबंधिताला बोलावून करा, त्याची प्रत द्या, कारणे दाखवा नोटीस द्या, आणि आदेशात मोजमाप, दर, पट आणि जबाबदार माणूस या चारही गोष्टींची कारणे लिहा.

दुसरी तक्रार बोजाची. आदेश निघाला की त्याच दिवशी सातबाऱ्यावर बोजा, ही आता सवय झाली आहे. कलम 176 मधल्या मार्गांत बोजा नोंदवणे असा मार्ग नाही. स्थावराच्या जप्तीचा आदेश झाला आणि त्याची नोंद घेतली तर ते समजू शकते. पण मागणीची नोटीसही बजावलेली नसताना इतर हक्कांत रक्कम चढवायची, म्हणजे जप्तीचा आदेश न करता जप्तीचे सगळे परिणाम घडवून आणायचे. त्या माणसाला कर्ज मिळत नाही, जमीन विकता येत नाही, भावांच्या वाटण्या अडतात. आणि जप्तीचा आदेशच नसल्याने त्याविरुद्ध दाद काय मागायची हे त्याला कळत नाही. कायद्याने या मार्गांचा क्रम सक्तीचा केलेला नाही हे मला मान्य आहे. पण फेरफाराची सुद्धा नोटीस द्यावी लागते, हरकतीला मुदत द्यावी लागते, आणि तीही या प्रकरणांत बऱ्याचदा दिसत नाही.

त्यात आणखी एक चूक होते. सामाईक खात्यात चार भाऊ असतात, येणे एकाकडून असते आणि बोजा सबंध गटावर चढतो. स्थावर विकायचे तेव्हा थकबाकीदाराचा हक्क, अधिकार आणि हितसंबंध तेवढाच विकता येतो. उरलेल्या तिघांचा त्यात काही संबंध नाही. तेव्हा नोंद घ्यायचीच असेल तर कोणाच्या हिश्श्यावर हे लिहून घ्या. आणि रक्कम भरली किंवा आदेश रद्द झाला की बोजा कमी करण्याचा फेरफार आपण होऊन करा. चढवताना एक दिवस लागतो, उतरवताना लोकांना वर्ष वर्ष अर्ज करावे लागतात.

तिसरी तक्रार दुसऱ्या खात्यांच्या आणि दुसऱ्या जिल्ह्यांच्या वसुली दाखल्यांची, ज्यांना आपल्या कार्यालयात ‘आरआरसी’ म्हणतात. इथे आपली अडचण खरी आहे. पुण्यातल्या येण्यासाठी नाशिकच्या माणसाची मालमत्ता विकायची असेल तर महसूल वसुली अधिनियम, 1890 च्या कलम 3 प्रमाणे पुण्याचे जिल्हाधिकारी नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवतात, आणि नाशिकला ती रक्कम आपल्याच जिल्ह्यातली थकबाकी असल्याप्रमाणे वसूल करावी लागते. रक्कम बरोबर की चूक हे नाशिकने ठरवायचे नाही. इतपत आपण म्हणता ते बरोबर आहे.

पण त्याच कायद्याच्या कलम 4 ने देणेकऱ्याला वाट ठेवली आहे. ज्याला देणे मान्य नाही त्याने रक्कम भरताना, त्याच वेळी, सही केलेला लेखी निषेध द्यायचा, आणि मग दाखला पाठवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या दिवाणी न्यायालयात परताव्याचा दावा लावायचा. आपल्या महसूल अधिनियमातही निषेधासह रक्कम भरल्यास किंवा पुरेसे तारण दिल्यास पुढची कारवाई थांबवण्याची तरतूद आहे. आता प्रत्यक्षात काय होते? माणूस निषेधाचा अर्ज घेऊन येतो तेव्हा कारकून म्हणतो, ‘असा अर्ज घेत नाही, नुसते चलन भरा.’ चलन भरले, निषेध नोंदला गेला नाही, की कलम 4 चा दावा लावण्याचा पायाच जातो. ज्या एका कागदावर त्याचा पुढचा हक्क उभा आहे तो कागद आवक-जावकाच्या टेबलावर अडतो. आपल्या कार्यालयाने लेखी निषेध स्वीकारून त्यावर तारखेसह पोच द्यावी, ही माझी सर्वांत सोपी आणि सर्वांत आग्रहाची मागणी आहे.

रक्कम तपासता येत नसली तरी आपल्याला तपासता येतील अशा गोष्टी आहेत. दाखल्यावर अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची सही आहे का. दाखल्यातला माणूस आणि नोटीस घेणारा माणूस एकच आहे का, की नावसाधर्म्याने दुसऱ्यालाच धरले आहे. माणूस मयत असेल तर वारसांकडे त्याची कोणती मिळकत आली आहे, कारण वारस त्या मिळकतीपुरताच जबाबदार असतो. मधल्या काळात काही रक्कम भरली गेली आहे का. वरच्या अधिकाऱ्याची किंवा न्यायाधिकरणाची स्थगिती आहे का. यातले काहीही खात्याच्या निर्णयात हात घालणे नव्हे.

जुन्या येण्यांबद्दलही थोडे लिहितो. 1999 साली केरळ राज्य विरुद्ध कल्याणीकुट्टी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, महसुली वसुलीचा कायदा नवे देणे निर्माण करत नाही. दावा लावून जे येणे मुदतबाह्य म्हणून मिळाले नसते, ते या वाटेनेही वसूल करता येत नाही. तो निकाल केरळच्या कायद्याखालचा होता आणि येणे वित्तीय संस्थांचे होते. खुद्द सरकारला दाव्यासाठी मुदत कायद्यात 30 वर्षांची आहे, त्यामुळे या मुद्द्याचा फायदा प्रत्येकाला मिळत नाही हे मी माझ्या पक्षकारांनाही सांगतो. पण महामंडळांचे, बँकांचे जुने दाखले आले की त्यावर येणे कोणत्या तारखेचे आहे एवढे तरी पाहावे आणि ते लिहिलेले नसेल तर दाखला परत पाठवावा.

चौथी तक्रार अटकेच्या धाकाची. ‘पैसे भरा, नाहीतर उचलून आणू’ हे वाक्य वसुलीच्या मोहिमेत सहज बोलले जाते. कलम 183 मध्ये अटकेची तरतूद आहे, दहा दिवस कार्यालयात ताब्यात ठेवता येते आणि पुढे दिवाणी तुरुंगातही पाठवता येते. पण त्याच कलमाने दोन अटी घातल्या आहेत: कसूर हेतुपुरस्सर असली पाहिजे, आणि अटक का करू नये हे सांगण्याची संधी दिली पाहिजे. ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याची कसूर हेतुपुरस्सर नसते. जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी हुकूमनाम्याच्या संदर्भात हेच सांगितले होते, की नुसती गरिबी हे तुरुंगात टाकण्याचे कारण होऊ शकत नाही. जंगम जप्तीच्या वेळीही शेतकऱ्याची अवजारे, गरजेची जनावरे आणि बियाणे यांना दिवाणी प्रक्रिया संहितेने दिलेले संरक्षण पाळावे लागते. बैलजोडीला हात लावण्याआधी जप्तीला जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात या वस्तूंची यादी द्या.

पाचवी तक्रार लिलावाची. जाहीरनामा शेवटचा ज्या दिवशी लागला त्या तारखेपासून स्थावराच्या विक्रीला किमान 30 दिवस आणि जंगमाच्या विक्रीला 7 दिवस जावे लागतात. मी पाहिलेल्या काही प्रकरणांत गावच्या चावडीवर जाहीरनामा लागल्याचा कागदच फाइलमध्ये नव्हता. विक्री झाल्यावरही थकबाकीदाराला दोन वाटा असतात आणि दोन्हींची मुदत विक्रीपासून 30 दिवस आहे. एक, थकलेली रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या 5 टक्के भरून विक्री रद्द करून घ्यायची. दुसरी, जाहीरनाम्यात किंवा लिलावात गंभीर अनियमितता, चूक किंवा फसवणूक झाली आणि त्यामुळे नुकसान झाले असे दाखवून अर्ज करायचा. हे 30 दिवस गेले आणि विक्री कायम झाली की माघारी येणे फार अवघड होते. लिलावाच्या नोटिशीच्या तळाशी ही मुदत छापली तर सरकारचा एक रुपयाही बुडणार नाही.

साहेब, या सगळ्या तक्रारींचे मूळ एकच आहे. नोटीस घेणाऱ्याला आपण त्याच्या हक्कांबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून माझी शेवटची मागणी नोटिशीच्या नमुन्याबद्दल आहे. मागणीच्या नोटिशीसोबत रक्कम ठरवणाऱ्या आदेशाची किंवा दाखल्याची प्रत जोडा. मूळ रक्कम, व्याज, दंड आणि वसुलीचा खर्च वेगवेगळा दाखवा. कलम 174 खाली वेळेवर न भरल्याबद्दल रकमेच्या एक चतुर्थांशापर्यंत जादा दंड लावता येतो, तो लावला असेल तर स्वतंत्र ओळीत आणि कारणासह दाखवा. आणि या आदेशाविरुद्ध कोणाकडे, किती दिवसांत जाता येते ते मराठीत लिहा.

हे पत्र ज्यांच्या हातात नोटीस आहे त्यांनीही वाचावे म्हणून तो भाग मीच इथे लिहून ठेवतो. तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे कलम 247 खाली अपील होते, मुदत 60 दिवस. जिल्हाधिकारी दर्जाच्या आदेशाविरुद्ध 90 दिवस. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा अर्ज सोबत द्यावा आणि आदेश कधी कळला याचा पुरावा जोडावा. अपील केले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. कलम 256 खाली स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि स्थगितीची प्रत स्वतः तहसीलला नेऊन पोच घ्यावी लागते. रक्कम दुसऱ्या कायद्याखाली ठरली असेल, म्हणजे विक्रीकर, मुद्रांक, सहकार किंवा रेरा, तर रकमेचा वाद त्या कायद्याच्या अपिलातच मांडावा लागतो. तहसीलमध्ये फक्त वसुलीच्या पद्धतीबद्दल बोलता येते. चुकीच्या दारात मुदत घालवणे ही देणेकऱ्याकडून होणारी सर्वांत महागडी चूक आहे. सहकार कायद्याखालच्या वसुली दाखल्याला आव्हान देणाऱ्या फेरतपासणी अर्जासाठी आधी निम्मी रक्कम भरावी लागते, हेही लक्षात ठेवावे. आणि नोटीसच न देता किंवा अधिकारच नसताना कारवाई झाली असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण तिथे पहिला प्रश्न हाच येतो, की अपील का केले नाही.

आपल्या अधिकाराबद्दल माझ्या मनात शंका नाही. 15 ऑगस्ट 1967 पासून हा अधिनियम लागू आहे आणि त्यात वसुलीच्या प्रत्येक मार्गाशेजारी देणेकऱ्याची बाजूही लिहून ठेवलेली आहे. आपल्या कार्यालयात पहिला भाग तोंडपाठ आहे, दुसरा विसरला गेला आहे. या मार्चपासून निदान तीन गोष्टी सुरू करा: नोटिशीसोबत आदेशाची प्रत, निषेधाच्या अर्जाला पोच, आणि नोटिशीच्या तळाशी अपिलाची मुदत. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, आपली सही पुरेशी आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
तालुक्याच्या ठिकाणी महसुली प्रकरणे चालवणारा एक वकील